COVAR भागिले VAR केलं तर बीटा कमी का येतो?

प्रश्न: दादा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा शेअर घेतलाय, निफ्टीच्या तुलनेत तो किती हलतो ते, म्हणजे बीटा, स्वतः काढून बघायचा होता. एक्सेलमध्ये COVAR नं कोव्हेरियन्स काढला, VAR नं निफ्टीचा व्हेरियन्स, आणि भागाकार केला तर १.१९ आला. मित्रानं त्याच आकड्यांवर SLOPE लावलं तर १.४३. सूत्र तर तेच आहे ना, मग खरं कुठलं?

उत्तर:

भावा, १.४३ बरोबर. सूत्र तुझं बरोबरच आहे, गडबड एक्सेलच्या दोन फंक्शनमध्ये आहे. जुनं COVAR सगळ्या गुणाकारांच्या बेरजेला आकड्यांच्या संख्येनं, म्हणजे n नं भागतं आणि VAR मात्र n वजा १ नं, त्यामुळं वरचा आकडा एका पद्धतीचा आणि खालचा दुसऱ्या पद्धतीचा होतो आणि बीटा विनाकारण कमी दिसतो. तू आकडे दिले नाहीस, पण इतका फरक पडलाय म्हणजे तू सहाच महिने घेतले असणार, कारण १.४३ गुणिले ५ भागिले ६ बरोबर १.१९ येतं. तेवढेच सोपे आकडे घेऊन हातानं करून बघू.

समजा निफ्टीचे महिन्याचे रिटर्न टक्क्यात असे: २, -१, ३, ०, -३, ५. आणि शेअरचे: ३, -३, ४, १, -५, ६. दोन्हीची सरासरी १ येते. आता प्रत्येक आकड्यातून ती वजा कर. निफ्टीचे फरक १, -२, २, -१, -४, ४ आणि शेअरचे २, -४, ३, ०, -६, ५. महिन्यामागून महिना दोन्ही फरकांचा गुणाकार करून बेरीज घेतली की ६० येतात, आणि नुसत्या निफ्टीच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४२. ६० भागिले ४२, बीटा १.४३. बघ, यात n कुठं आलाच नाही. वर आणि खाली दोन्हीकडं ६ नं भागलंस तर १० आणि ७, दोन्हीकडं ५ नं भागलंस तर १२ आणि ८.४, उत्तर तेच. तू मात्र १० ला ८.४ नं भागलंस, म्हणून १.१९.

```
=COVARIANCE.S(C2:C7,B2:B7)/VAR.S(B2:B7)
=SLOPE(C2:C7,B2:B7)
```

इथं B मध्ये निफ्टीचे रिटर्न, C मध्ये शेअरचे. दोन्ही ओळींचं उत्तर एकच आलं पाहिजे, नाही आलं तर कुठंतरी रेंज चुकलीय. SLOPE मध्ये शेअर आधी, मार्केट नंतर, हे लक्षात ठेव. कोव्हेरियन्सला क्रम उलटा केला तरी फरक पडत नाही, पण SLOPE उलटं टाकलंस तर ते शेअरच्या व्हेरियन्सनं भागतं, आणि आपल्या उदाहरणात ६० भागिले ९० म्हणजे ०.६७ येतं. आकडा असा साळसूद दिसतो की शंकाच येत नाही.

६० महिन्यांचा डेटा घेतलास तर हा COVAR-VAR चा फरक सुमारे १.७ टक्क्यांवर येतो, म्हणजे नगण्यच. त्यापेक्षा मोठा घोळ किमतीच्या कॉलममध्ये होतो. आधी हे बघ की तू रिटर्न घेतलेत, नुसत्या किमती नाहीत, आणि किमती बोनस-स्प्लिटसाठी ॲडजस्ट केलेल्या आहेत. समजा वरच्या शेवटच्या महिन्यात कंपनीनं एकास एक बोनस दिला आणि तू साधी क्लोजिंग किंमत उचललीस. शेअर खरा ६ टक्के वर गेलाय, पण किंमत निम्मी झाली म्हणून शीटमध्ये -४७ टक्के दिसतात. त्या महिन्यात निफ्टीचा फरक ४ होता, म्हणजे बेरजेतून ४ गुणिले ५३ असे २१२ गेले, ६० चे झाले -१५२, आणि बीटा -३.६२. एका ओळीनं अख्खं उत्तर उलटं केलं. म्हणून रिटर्नचा कॉलम आधी वेगळीकडं कॉपी करून लहान-मोठा सॉर्ट करून दोन्ही टोकं डोळ्यानं बघायची, मगच पुढं जायचं. फाउंड्रीचा शेअर निगेटिव्ह बीटाचा निघाला तर आधी असलंच काहीतरी झालंय का ते बघ.

सहा महिन्यांवर बीटा काढून त्यावर विसंबू नकोस ते वेगळंच. आपल्या उदाहरणात आकडे मुद्दाम नीट बसवलेत तरीसुद्धा बीटाची स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज साधारण किती चुकू शकतो तो आकडा, ०.१६ येते, आणि सहाच आकडे असल्यामुळं ९५ टक्क्यांची रेंज जवळपास ०.९९ ते १.८७. म्हणजे शेअर निफ्टीइतकाच हलतो की जवळजवळ दुप्पट, हेच ठरत नाही. खऱ्या डेटात दर महिन्याचे आकडे याच्यापेक्षा जास्त विखुरलेले असतात. ही स्टँडर्ड एरर अशी निघते:

```
=INDEX(LINEST(C2:C7,B2:B7,TRUE,TRUE),2,1)
```

मग लगेच वाटेल की रोजचा डेटा घेऊ, वर्षाला अडीचशेच्या आसपास आकडे मिळतील. मोठ्या शेअरला चालतं, तुझ्या फाउंड्रीला सांभाळून. असल्या छोट्या शेअरमध्ये व्यवहार कमी असतात. समजा शेवटचा सौदा दुपारी एकला झाला आणि निफ्टी दोननंतर पळाला, तर ती तेजी आजच्या क्लोजमध्ये येतच नाही, उद्याच्या क्लोजमध्ये दिसते. सर्किट लागलं तरी तेच, एका दिवसाची चाल दोन-तीन दिवसात वाटली जाते. म्हणजे कोव्हेरियन्सचा एक भाग आजचा आणि एक भाग उद्याचा होतो, आपण मात्र आजचाच मोजतो. खालचा व्हेरियन्स निफ्टीचा, तो मोठ्या आणि सतत चालणाऱ्या शेअरचा इंडेक्स, त्याला काही होत नाही. वरचा घटतो, खालचा तसाच, आणि बीटा कमी दिसतो. लोक त्यालाच 'डिफेन्सिव्ह शेअर' म्हणून मोकळे होतात, प्रत्यक्षात तो नुसता उशिरा हलणारा असतो.

ओळखायचं कसं, तर जुनी तारीख वर ठेवून निफ्टीचा कॉलम एक ओळ खाली सरकव, म्हणजे आजच्या शेअरसमोर कालचा निफ्टी येईल, आणि पुन्हा SLOPE काढ. शून्याच्या आसपास आलं तर रोजचा डेटा चालेल. समजा त्याच दिवसाचा ०.६० आला आणि कालचा ०.३५, तर मग त्याच दिवसाचा ०.६० हा बीटा धरू नकोस. १९७९ मध्ये एल्रॉय डिमसननं मांडलेली पद्धत म्हणजे हे मागचे-पुढचे दिवस एकाच रिग्रेशनमध्ये घेऊन त्यांचे बीटा बेरजेला धरायचे. आपल्या कामाला साधी बेरीज, ०.९५, अंदाजापुरती पुरते, कारण निफ्टीचा आजचा रिटर्न आणि कालचा रिटर्न यांच्यात फारसं नातं नसतं.

मी स्वतः असल्या शेअरला आठवड्याचे रिटर्न घेतो, दोन-तीन वर्षांचे, शुक्रवार ते शुक्रवार, आणि सुट्टी असली तर दोन्ही कॉलमला आधीच्या एकाच तारखेचा भाव. तारखा जुळवायला कंटाळा करू नकोस, एक ओळ जरी सरकली तरी पुढचे सगळे गुणाकार चुकीच्या आठवड्याशी होतात आणि बीटा शून्याकडं घसरतो. आठवड्याचा आणि महिन्याचा आकडा एकमेकांच्या एररच्या आत आले तर बिनधास्त वापर. आठवड्याचा ठळक कमी आला तर अजून उशीर शिल्लक आहे असं समज आणि महिन्याचाच धर.