कॅन्सल केलेल्या विमान तिकिटाचा हिशोब: ९४४ रुपये कुठून आले?

"वकीलसाहेब, पुणे-दिल्लीची चौघांची तिकिटं महिनाभर आधी एका अ‍ॅपवरून काढली होती, एकूण २१,६५२ रुपये गेले. मुलाची परीक्षा पुढे ढकलली म्हणून तीन दिवस आधी सगळी कॅन्सल केली. अ‍ॅपने ९४४ रुपये त्यांच्या वॉलेटमध्ये टाकले आणि म्हणतात भाडं नॉन-रिफंडेबल होतं. विचारून विचारून थकले. बाकीचे पैसे गेलेच का?"

ताई, बरेचसे गेले, पण सगळे नाही. तुम्ही जोडलेली दोन्ही बिलं मी शेजारी ठेवून बघितली आणि तुम्हीही तसंच बघा, कारण ही बिलं दोन वेगळ्या लोकांची आहेत. एक एअरलाइनचं, २०,००० चं. दुसरं अ‍ॅपचं, १,६५२ चं. ही अ‍ॅपची कन्व्हिनियन्स फी, माणशी ३५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१३. ती बुकिंग करून दिल्याची फी आहे, बुकिंग झालं म्हणजे त्यांचं काम संपलं, शिवाय ती परत मिळत नाही असं तिथे लिहिलेलं असतंच, त्यामुळे तिच्यामागे वेळ घालवू नका.

आता एअरलाइनचं बिल, माणशी ५,०००. त्यात बेस फेअर ३,८००, फ्युएल चार्ज ४०० (तिकिटावर हा YQ किंवा YR नावाने दिसतो), जीएसटी २१० (हा K3), विमानतळ वापरण्याची फी म्हणजे यूडीएफ ३५४ आणि एव्हिएशन सिक्युरिटी फी २३६. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेचा नियम असा आहे की एअरलाइनने कॅन्सलेशन चार्ज कितीही लावला तरी तो बेस फेअर आणि फ्युएल चार्ज मिळून जेवढं होतं त्याच्या वर जाऊ शकत नाही, आणि सरकारी कर, यूडीएफ वगैरे पैसे परत द्यायचेच, भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी, अगदी प्रवासी विमानतळावर आलाच नाही तरी. म्हणजे तुमचे ४,२०० जाऊ शकतात, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ३५४ आणि २३६, मिळून ५९०, हे तुमचेच आहेत. चौघांचे २,३६०.

जीएसटीचे २१० का नाहीत, असं तुम्ही विचाराल. कागदावर तो परत मिळायला हवा असं वाटतं, पण जप्त झालेल्या भाड्यावरसुद्धा प्रवासाच्याच दराने जीएसटी लागतो असं जीएसटीचं काम बघणाऱ्या केंद्रीय मंडळाने, सीबीआयसीने, ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. ४,२०० राहिले तर त्यावरचे ५ टक्केही राहिले. त्यावर भांडून तुमची केस उगाच कमकुवत होईल.

मग २,३६० चे ९४४ कसे झाले? वजा करून बघा, १,४१६ कमी आहेत, चार ने भागलं की ३५४ येतात. म्हणजे ३०० अधिक १८ टक्के, हा अ‍ॅपचा स्वतःचा "कॅन्सलेशन सर्व्हिस चार्ज" आहे. मला तरी असं दिसतंय की एअरलाइनने बरोबर पैसे सोडले आणि मधल्याने त्यातले कापले. खात्री करायला एअरलाइनच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून रिफंडचा आकडा बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा, आणि एअरलाइनकडे कॅन्सलेशनची क्रेडिट नोट मागा.

पुढची पायरी मेल. एकाच मेलमध्ये एअरलाइन आणि अ‍ॅप दोघांना घाला, कारण एजंटकडून तिकीट काढलं तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनची, एजंट हा तिचाच माणूस असं डीजीसीए म्हणतं. लांबलचक लिहू नका. "माणशी ५९० प्रमाणे २,३६० परत द्यायचे होते, ९४४ दिलेत, उरलेले १,४१६ का कापले आणि हा चार्ज बुकिंगच्या वेळी मला कुठल्या स्क्रीनवर दाखवला होता ते कळवा, आणि वॉलेटमधली रक्कम ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच टाका." वॉलेटचं मुद्दाम लिहा, पैसे क्रेडिटमध्ये ठेवायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं, त्यांनी परस्पर नाही.

त्यांनी बुकिंगच्या वेळचा स्क्रीन दाखवला आणि त्यावर माणशी ३०० स्पष्ट लिहिलेले असले तर १,४१६ वरचा तुमचा दावा पातळ होतो, मग वॉलेटचा मुद्दा तेवढा धरा. पण चार्ज कुठे आत दडवलेला असेल तर ती अनुचित व्यापार प्रथा आहे, असं मी ठामपणे मांडेन. पंधरा दिवस वाट बघा, मग विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीचं सरकारी एअरसेवा पोर्टल आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. तिथेही नाही झालं तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, एवढ्या रकमेला कोर्ट फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दोन्ही बिलं आणि वॉलेटची नोंद आजच पीडीएफ करून ठेवा, अ‍ॅपमधून जुन्या बुकिंगचे तपशील गायब झालेले मी पाहिलेत.