ब्रॉडबँडचे शंभर आणि लीज्ड लाइनचे दहा

प्रश्न : मी रेडिओलॉजिस्ट आहे. मुंबई-पुण्याच्या काही केंद्रांतले सीटी स्कॅन मी रत्नागिरीत घरी बसून वाचतो. घरच्या १०० एमबीपीएसच्या फायबरला महिना हजार रुपयेही लागत नाहीत, आणि १० एमबीपीएसच्या लीज्ड लाइनला दहापटीहून अधिक भाडे सांगतात. दहा हे शंभरापेक्षा महाग कसे?

तुमच्या घरगुती योजनेच्या कागदावर शंभराच्या पुढे ‘पर्यंत’ हा शब्द असेल; लीज्ड लाइनच्या करारात तो नसतो. भाड्यातला बहुतेक फरक त्या एका शब्दाचा आहे.

सुपारीच्या बागेत पाटाचे पाणी पाळीने घेतात, कारण सगळ्यांनी एकाच वेळी दारे उघडली तर शेवटच्या आगरात थेंब पोहोचत नाही. ब्रॉडबँडच्या पाटाला पाळी नसते. कंपनी एकच क्षमता अनेकांना विकते आणि सगळे एकाच वेळी ती मागणार नाहीत, या भरवशावर तिचा व्यवहार चालतो. विकलेली क्षमता प्रत्यक्ष क्षमतेच्या किती पट आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे कन्टेन्शन रेशो. लीज्ड लाइनमध्ये क्षमता एकट्या तुमच्यासाठी राखलेली असते, म्हणून तेथे तो १:१ असतो.

ही वाटणी नेमकी कोठे होते, याबद्दल बराच गैरसमज आढळतो. गल्लीतल्या खांबावरची डबी, म्हणजे स्प्लिटर, हिच्याकडे लोक बोट दाखवतात. घरगुती फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका तंतूवरून घरांकडे जवळजवळ २.५ गिगाबिट प्रतिसेकंद येतात आणि ते, समजा, ३२ घरांत वाटले जातात. बत्तीसही घरांनी शंभर-शंभर घेतले तरी मागणी ३.२ गिगाबिटची होते, म्हणजे तेथे ताण फारसा नाही. खरा चिंचोळा भाग त्याच्या पुढे, गावातल्या यंत्रापासून मोठ्या शहराकडे जाणाऱ्या मार्गावर असतो. त्या यंत्रावर ५०० ग्राहक आहेत आणि पुढे १ गिगाबिटचाच मार्ग घेतलेला आहे, असे धरू. विकले गेले ५०,००० एमबीपीएस, आहेत १,०००. म्हणजे रेशो १:५० झाला. याचा अर्थ तुम्हाला नेहमी २ एमबीपीएसच मिळतील असा नाही. दुपारी तीनला पन्नास जण जेमतेम काही पाहत असतात आणि तुम्हाला नव्वदच्या पुढे वेग मिळतो. रात्री साडेनऊला क्रिकेटचा सामना सुरू असताना तोच मार्ग तुडुंब भरतो. २ एमबीपीएस हा गणिती तळ आहे. प्रत्यक्षात रात्रीचा वेग तळ आणि शंभर यांच्यामध्ये कोठेही असू शकतो, आणि तो कोठे असेल याची हमी कोणीही देत नाही.

आता तुमचे काम घेऊ. सीटीचा एक छेद ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे साधारण अर्धा मेगाबाइट. चारशे छेदांचा अभ्यास, म्हणजे एका रुग्णाचा पूर्ण स्कॅन, दाबून लहान न करता पाठवला तर २०० मेगाबाइट, म्हणजे १,६०० मेगाबिट होतो. दुपारी ९० एमबीपीएस मिळत असतील तर तो अठरा सेकंदांत उतरेल. दहाच्या लीज्ड लाइनवर त्याच वेळी सुमारे तीन मिनिटे लागतील. म्हणजे दिवसा तुमचे हजार रुपयांचे ब्रॉडबँडच पुष्कळ वेगवान आहे. रात्री ब्रॉडबँडवर ३ एमबीपीएस उरले तर तोच अभ्यास नऊ मिनिटे घेईल, आणि लीज्ड लाइन मात्र तेव्हाही तीनच मिनिटे घेईल. तुम्ही वाढीव भाडे वेगासाठी देत नाही, तर दिवसातल्या सर्वांत वाईट तासासाठी देता.

म्हणून आधी तो तास मोजा. लॅपटॉप वायरने राउटरला जोडा, कारण वाय-फायवरची मोजणी बहुधा तुमच्या भिंतींची मोजणी ठरते. आठवडाभर सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला वेग टिपून ठेवा, आणि त्या वेळी घरातले इतर कोणी काही पाहत नाही याची खात्री करा. शेजारी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हेही चालवा; वाटेतल्या प्रत्येक यंत्राची एक ओळ आणि त्याला उत्तर द्यायला लागलेला वेळ दिसतो:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिली ओळ तुमच्या राउटरची असते, पुढच्या एक-दोन बहुधा कंपनीच्या स्थानिक जाळ्याच्या. सकाळी तेथपासून शेवटच्या ओळीपर्यंत ५ ते १० मिलिसेकंद दिसत असतील आणि रात्री दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून खालपर्यंत सगळीकडे ६०-८० दिसू लागले, तर गर्दी गावाच्या वेशीवरच आहे. मधल्या एकाच ओळीत आकडा फुगला आणि पुढच्या ओळींत पुन्हा उतरला, तर त्याचा अर्थ काही नाही. ते यंत्र उत्तर द्यायला आळशी आहे, इतकेच.

रात्रीचा वेग पंधराच्या खाली जात नसेल तर लीज्ड लाइन घेऊ नका. तो वारंवार दोन-तीनवर येत असेल आणि रात्री अपघाताच्या रुग्णांचे स्कॅन तातडीने वाचण्याचे काम तुमच्याकडे असेल, तर भाडे जास्त नाही.

प्रश्न : गुहागरला आमचे आठ खोल्यांचे होमस्टे आहे. पाहुण्यांसाठी आणि सीसीटीव्ही पुण्याहून पाहता यावा म्हणून एकाने लीज्ड लाइन सुचवली आहे. घ्यावी का?

घेऊ नये. पाहुण्यांना संध्याकाळी चित्रपट पाहायचे असतात आणि त्यासाठी हमीच्या दहा एमबीपीएसपेक्षा हमी नसलेले शंभर बहुतेक वेळा बरे पडतात. आठ खोल्या मिळून दहा एमबीपीएस पाच मिनिटांत भरून टाकतील.

सीसीटीव्हीचा प्रश्न वेगाचा नसून पत्त्याचा आहे. राउटरच्या स्टेटस पानावर WAN IP पाहा. तो 100.64 ते 100.127 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे आणि बाहेरून थेट तुमच्या रेकॉर्डरपर्यंत पोहोचता येणार नाही. लीज्ड लाइनबरोबर स्थिर पत्ता मिळतो हे खरे, पण अनेक कंपन्या ब्रॉडबँडवरही तो थोड्या जादा भाड्यात देतात. रेकॉर्डर उत्पादकाच्या अॅपमधून दिसत असेल तर तेवढाही खर्च नको. घरगुती योजना व्यवसायासाठी वापरण्यास मनाई करणारे कलम अर्जात आहे का, तेवढे मात्र वाचा आणि असल्यास त्याच कंपनीची व्यावसायिक ब्रॉडबँड योजना घ्या.

प्रश्न : चिपळूणला आमचे करसल्ल्याचे कार्यालय आहे, माणसे चौदा. १:१ म्हणून १० एमबीपीएसची लीज्ड लाइन घेतली. स्पीड टेस्ट ९.४ च्या वर जात नाही आणि दुपारी व्हिडिओ कॉल अडकतात. आम्हाला कमी माल दिला आहे का?

९.४ हा माल पूर्ण आहे. डेटाच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि तपासणीचे काही बाइट चढतात, ते १० मध्ये मोजले जातात पण स्पीड टेस्टमध्ये दिसत नाहीत. नऊच्या बरेच खाली आकडा आला तर तक्रार करावी.

दुपारचे अडकणे वेगळे आहे. लीज्ड लाइनबरोबर कंपनी सहसा वापराचा आलेख पाहण्यासाठी एक पान देते. ते मागून घ्या. दुपारची रेषा दहाला टेकून पठारासारखी सपाट झालेली दिसली, तर लाइन तुमचेच कार्यालय भरत आहे. १:१ चा अर्थ बाहेरचा वाटेकरी नाही एवढाच होतो; आतले चौदा वाटेकरी तुम्हीच आहात. माझ्या अनुभवात अशा ठिकाणी दोषी सापडतो तो कर्मचाऱ्यांचा वाय-फाय, ज्यावर जेवणाच्या सुट्टीत फोन आपापले फोटो वर चढवतात आणि अॅप अद्ययावत करतात. लीज्ड लाइनमध्ये वर जाणारा आणि खाली येणारा वेग सारखाच असतो, तरी वर जाणारी बाजू भरली की कॉल अडकतोच. मोबाइलसाठी एक साधे ब्रॉडबँड वेगळे घ्या आणि लीज्ड लाइन टेबलावरच्या संगणकांपुरती ठेवा. ते शक्य नसेल तर राउटरमध्ये कॉलना अग्रक्रम लावून घ्या.

आलेख मात्र चारवरच खेळत असेल आणि कॉल तरीही अडकत असतील, तर हमीची हद्द तपासावी लागेल. कंपनीची हमी तिच्या स्वतःच्या जाळ्याच्या टोकापर्यंतच असते. समोरच्या सर्व्हरचा किंवा मधल्या दुसऱ्या कंपनीचा दोष तिच्यावर येत नाही. कंपनीच्याच सर्व्हरवर मोजा. तेथे ९.४ मिळाले तर लाइन निर्दोष आहे. तेथेही घसरण दिसली तर करारात ‘१:१’ कोठून कोठपर्यंत लिहिले आहे ते पाहा. काही विक्रेते तुमच्या कार्यालयापासून तालुक्याच्या केंद्रापर्यंतच वाटेकरी ठेवत नाहीत आणि पुढे तुम्हाला सर्वांबरोबर लोटतात. ‘इंटरनेट गेटवेपर्यंत’ असे शब्द लिहून घेतले पाहिजेत.

प्रश्न : देवगडला आंबा पॅकिंगचा व्यवसाय आहे. लीज्ड लाइनच्या करारात ९९.५ टक्के अपटाइमची हमी आहे. आमच्याकडचा पावसाळा पाहता ती कितपत खरी मानावी?

तीस दिवसांत ७२० तास असतात. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. महिन्यात इतका वेळ लाइन बंद राहिली तरी हमी मोडत नाही. त्यापेक्षा जास्त बंद राहिली तर सहसा भाड्याचा काही भाग परत मिळतो; तुमचा बुडालेला सौदा कोणी भरून देत नाही. घड्याळ बहुधा तक्रार नोंदवल्यापासून सुरू होते, म्हणून लाइन गेल्याबरोबर तक्रार क्रमांक घ्या, संध्याकाळी वाट पाहून नव्हे.

त्याहून महत्त्वाची आहे ती वगळलेल्या कारणांची यादी. नैसर्गिक आपत्ती, रस्त्याच्या खोदकामात तुटलेली केबल, ठरवून केलेली दुरुस्ती आणि तुमच्याकडची वीज जाणे ही कारणे बऱ्याच करारांत वगळलेली असतात, आणि कोकणात लाइन बंद पडण्याची कारणे बहुतांशी हीच आहेत. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते ही वादळे विसरली तरी, साधी माडाची झावळी खांबावरच्या केबलवर पडणे किंवा महामार्गाच्या रुंदीकरणातला जेसीबी पुरेसा असतो. खोदकाम तरी वगळलेल्या यादीतून काढून घेण्याचा आग्रह धरा. त्याबद्दल घासाघीस होऊ शकते.

दुसरी लाइन घ्यायची असेल तर कंपनी वेगळी असून भागत नाही, वाट वेगळी हवी. एका कारखान्यासाठी मी दोन कंपन्यांच्या दोन लाइनी बसवल्या होत्या; जुलैत एकाच मोरीपाशी एका खणण्यात दोन्ही गेल्या, कारण दोघांच्या नळ्या शेजारी शेजारी होत्या. मोबाइलच्या सिमवर विसंबतानाही हेच विचारा, कारण गावातला टॉवर त्याच रस्त्याच्या फायबरवर असेल तर तोही त्याच क्षणी गप्प होतो. टॉवर रेडिओने जोडलेला आहे अशा कंपनीचे सिम दोन लाइनींच्या राउटरमध्ये ठेवणे तुमच्या हंगामापुरते पुरेल.

शेवटी वीज. तुमचे फायबर यंत्र आणि राउटर मिळून साधारण वीस-तीस वॉटच घेतात. त्यांना छोट्या इन्व्हर्टरवर वेगळे ठेवा, शीतगृहाच्या जनरेटरवर नव्हे, कारण तो सुरू होईपर्यंतच्या मिनिटात राउटर बंद पडून पुन्हा चालू होतो. कंपनीच्या मधल्या यंत्राची बॅटरी किती तास चालते, हेही सही करण्यापूर्वी लेखी मागा.