परदेशातल्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक संध्येसाठी कॅप्शन कशी लिहावी?

प्रश्न: अमेरिकेत आमचं छोटं मराठी मंडळ आहे. नोव्हेंबरात दिवाळीची सांस्कृतिक संध्या आहे. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी कॅप्शन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तिकिटं, कार्यक्रमातली आकर्षणं आणि स्वयंसेवकांना आवाहन, सगळं एकातच हवंय. सुरुवात अशी केली आहे: "नमस्कार मंडळी! आपणा सर्वांना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्या मंडळातर्फे..." पुढे काय लिहू?

उत्तर:

पुढचं नंतर बघू, आधी हे वाक्य काढून टाका. मिडवेस्टमधल्या आमच्या मंडळाच्या पोस्ट मी सहा वर्षं लिहितोय आणि पहिली दोन वर्षं माझी सुरुवातही अशीच असायची. निमंत्रणपत्रिकेत ते शोभतं, कारण पत्रिका माणूस हातात धरून शेवटपर्यंत वाचतो. इन्स्टाग्रामवर फोटोखाली साधारण सव्वाशे अक्षरं दिसतात, बाकीचं "... more" च्या मागे जातं. त्यातून आपली लिपी. मोजताना प्रत्येक काना, मात्रा, हलन्त वेगळा धरला जातो. "कार्यक्रम" डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत नऊ भरतात. तुमचं वाक्य "मंडळातर्फे" पर्यंत मोजून पाहिलं तर शंभरेक झाली, आणि कार्यक्रम कधी आहे, काय आहे याचा अजून पत्ता नाही.

त्या जागेत वार, तारीख, वेळ आणि काय बघायला मिळणार एवढं बसवायचं. उदाहरणार्थ:

"शनिवार, ७ नोव्हेंबर, दुपारी ४ वाजता: दिवाळी संध्याकाळ. नाट्यगीतं, लावणी, एकांकिका आणि जेवण."

ही नव्वदेक अक्षरं आहेत. कोणी पुढे उघडलं नाही तरी तारीख डोक्यात राहते. महिना नेहमी शब्दात लिहा. "७/११" आपल्याला सात नोव्हेंबर वाटतो, पण इथे वाढलेली मुलं आणि बिगरमराठी जावई-सुना तो ११ जुलै वाचतात. आमच्याकडे "५/१२" लिहिलं होतं, तेव्हा एका सूनबाईंनी मे महिन्यातल्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती.

आता तिकिटं. सगळ्यात जास्त फोन याच्यावरूनच येतात, म्हणून इथे जरा थांबतो. लोकांना दर तर हवाच असतो, पण खरे प्रश्न वेगळे असतात: जेवण त्यातच धरलंय का, लहान मुलाचं काय, दारावर तिकीट मिळेल का, आणि आम्ही सभासद नाही, चालेल का? या चारांची उत्तरं कॅप्शनमध्येच द्या. जागेचा क्रमांक, पैसे परत मिळण्याचे नियम, जेवणाचा मेन्यू हे तिकिटाच्या पानावर राहू द्या.

लहान मुलांच्या बाबतीत माझी एक चूक सांगतो. "पाच वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत" एवढंच लिहून मी मोकळा झालो होतो. मोफत म्हटल्यावर कोणी नोंदणी केलीच नाही. शाळेचं सभागृह साडेतीनशे खुर्च्यांचं, तिकिटंही तितकीच विकलेली, आणि वरती तीसेक पिल्लं. सभागृहात किती माणसं असू शकतात याची मर्यादा अग्निशमन नियमांनी ठरलेली असते, त्यात तान्हं बाळही एक माणूस. शाळेचा माणूस दारात येऊन माणसं मोजायला लागला तेव्हा आमच्या खजिनदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हापासून आम्ही "मोफत, पण नोंदणी आवश्यक" असं लिहितो.

शेवटची तारीख लिहाल तिथे कारणही लिहा. "२५ ऑक्टोबरनंतर तिकिटं मिळणार नाहीत" वाचून लोक म्हणतात, बघू, मंडळ आपलंच आहे, कोणाला तरी फोन करू. "जेवणाचा आकडा २५ तारखेला केटररला द्यायचा आहे" असं लिहिलं की तीच माणसं वेळेत पैसे भरतात. पैसे बँकेच्या झेल सेवेने घेत असाल तर "मेमोत नोंदणी केलेलं नाव लिहा" ही ओळ विसरू नका. नवऱ्याच्या खात्यातून पैसे, बायकोच्या नावाने नोंदणी आणि दोघांची आडनावं वेगळी, अशी जुळवाजुळव मी रात्री बारापर्यंत बसून केलेली आहे. अर्ली बर्ड वगैरे भानगडीत छोट्या मंडळाने पडू नये असं माझं मत आहे. सभासद, बिगरसभासद, मुलं असे तीन दर आधीच असतात, त्यांचे सहा झाले की कॅप्शन रेल्वेच्या वेळापत्रकासारखी दिसते.

आकर्षणांच्या बाबतीत "भरगच्च", "बहारदार", "सुरेल मेजवानी" हे शब्द सगळीच मंडळं सगळ्याच कार्यक्रमांना वापरतात, म्हणून त्यांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी निवडा आणि प्रत्येकीबद्दल असा एक तपशील द्या जो फक्त तुमच्या कार्यक्रमात आहे. "नाट्यसंगीत" पेक्षा "ऑर्गन आणि तबल्याच्या साथीने पाच नाट्यगीतं" जास्त ओढून आणतं, कारण साथ ट्रॅकवर नाही, प्रत्यक्ष आहे, हे जाणकाराला लगेच कळतं. "मुलांचे नृत्य" पेक्षा "मराठी शाळेतल्या २२ मुलांचा कोळी नाच" बरा, कारण बावीस मुलांचे आईबाप आणि आजी-आजोबा तिथेच वाचायचे थांबतात. मात्र कोण किती वाजता मंचावर येणार हे कॅप्शनमध्ये लिहू नका. आपल्या पोराचा नाच झाला की गाडी काढणारे पालक दर मंडळात असतात. मध्यंतराआधी आणि मध्यंतरानंतर एवढंच सांगायचं. सगळ्या कलाकारांची नावंही घालू नका. एक राहिलं तरी वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

स्वयंसेवकांचं आवाहन हा खरा अवघड भाग आहे. "स्वयंसेवक हवेत, इच्छुकांनी संपर्क साधावा" याला आमच्याकडे दर वर्षी तेच चार जण उत्तर द्यायचे, आणि ते चौघं कमिटीतच होते. एका वर्षी मी काम, वेळ आणि माणसांचा आकडा लिहून पाहिला: "खुर्च्या आणि रांगोळी, दुपारी १२ ते २, आठ जण." दोन दिवसांत आठ नावं आली. माणूस कामाला भीत नाही, आपला अख्खा शनिवार जाईल याला भितो. दोनच तास लागणार हे कळलं की तो हो म्हणतो.

सगळ्यात कठीण जातो तो शेवटचा तास. शाळेचं सभागृह ठरलेल्या वेळेला रिकामं करून द्यावं लागतं, उशीर झाला की तिथल्या कर्मचाऱ्यांच्या जादा वेळेचे पैसे मंडळाला पडतात. रात्री साडेनऊला साड्या-कुर्त्यांतली माणसं कचऱ्याच्या पिशव्या बांधायला राजी नसतात. तेव्हा हे काम "इतर मदत" मध्ये लपवू नका, सरळ "आवराआवर" म्हणून लिहा आणि त्याला जास्त माणसं मागा. बऱ्याच हायस्कूलच्या मुलांना शाळेसाठी समाजसेवेचे तास भरावे लागतात. मंडळाच्या लेटरहेडवर तासांचं पत्र देणार असाल तर कॅप्शनमध्ये तसं लिहा. आमची आवराआवर गेली तीन वर्षं हीच पोरं करतात, आणि मोठ्यांपेक्षा लवकर करतात. सोबत दोन मोठी माणसं मात्र नेमून ठेवा.

स्वयंसेवकाला तिकीट काढावं लागेल का, हे प्रत्येकाच्या मनात असतं आणि कोणी विचारत नाही. तुमच्या कमिटीने जे ठरवलं असेल ते एका ओळीत लिहून टाका.

हे सगळं जोडलं की असं काहीसं होईल. दर आणि वेळा तुमच्या घाला:

"शनिवार, ७ नोव्हेंबर, दुपारी ४ वाजता: दिवाळी संध्याकाळ. नाट्यगीतं, लावणी, एकांकिका आणि जेवण.

मध्यंतराआधी: मराठी शाळेतल्या २२ मुलांचा कोळी नाच, आणि ऑर्गन-तबल्याच्या साथीने पाच नाट्यगीतं. मध्यंतरानंतर: लावणी आणि आपल्याच सभासदांची ४० मिनिटांची एकांकिका. रात्री ८ ला जेवण, कॅफेटेरियात.

तिकीट, जेवणासह: सभासद ३० डॉलर, इतर ४० डॉलर, ५ ते १२ वर्षं १५ डॉलर. पाच वर्षांखाली मोफत, पण जागा मोजायच्या असल्याने नोंदणी आवश्यक. सभासद नसलात तरी या! जेवणाचा आकडा रविवारी २५ ऑक्टोबरला द्यायचा आहे, त्यामुळे त्यानंतर आणि दारावर तिकीट नाही. लिंक बायोमध्ये.

हात हवेत: मांडामांड दुपारी १२ ते २ (८ जण), प्रवेशद्वार ३ ते ४:३० (४), वाढप ८ ते ९ (१०), आवराआवर ९ ते १० (१२). हायस्कूलच्या मुलांना तासांचं पत्र मिळेल. स्वयंसेवकांनाही तिकीट काढायचं आहे, पण पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखीव. नाव त्याच लिंकवर द्या."

लिंक कॅप्शनमध्ये चिकटवू नका, इन्स्टाग्रामवर ती दाबता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर उलट, तिथे लिंक चालते, म्हणून ती तारखेखाली लगेच द्या आणि "बायोमध्ये" हा शब्द काढा. तारखेच्या दोन्ही बाजूंना * टाकलंत की ती ठळक होते. तिथे आवाहनाचा परिच्छेद वेगळा संदेश म्हणून आठवडाभराने टाकावा असं मी म्हणेन, कारण तिकिटांच्या गडबडीत तो कोणी वाचत नाही. कोणाचा खासगी फोन नंबर सार्वजनिक पोस्टमध्ये नको, मंडळाचा ईमेल किंवा फॉर्म पुरतो.

पोस्टर करणाऱ्याने तुम्हाला मजकूर पाठवला असेल तर तो आधी फोनवर चिकटवून बघा. भारतात छपाईची कामं करणारे बरेच जण अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतात. पोस्टरच्या चित्रात ते सुंदर दिसतं, कॅप्शनमध्ये मात्र रोमन अक्षरांची खिचडी उमटते. तो मजकूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुन्हा टाइप केलेला परवडतो.

पोस्टरवर काय छापायचं तेही याच हिशोबाने ठरवा. इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकल्यावर कॅप्शन बदलता येते, चित्र बदलता येत नाही. म्हणून पोस्टरवर नाव, वार, तारीख, वेळ आणि जागा एवढंच ठेवा, आणि दर, शेवटची तारीख, स्वयंसेवकांचे आकडे कॅप्शनमध्ये. मांडामांडीचे आठ जण झाले की तिथे "(भरलं)" लिहा, आणि तिकिटं संपली की ते पहिल्या ओळीच्या सुरुवातीलाच टाका, नाहीतर सहा तारखेच्या रात्रीपर्यंत फोन येत राहतात.