रेल्वे, तार आणि टपाल नेमके कोणासाठी? परीक्षेत कसे लिहावे

प्रश्न : "ब्रिटिशांनी रेल्वे, तार, टपाल आणले ते भारताच्या विकासासाठी की स्वतःच्या फायद्यासाठी? १५० शब्दांत उत्तर लिहिताना नेहमी गोंधळ होतो. काय लिहू?"

बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, हा तपशील सगळेच लिहितात. त्याने उत्तर पुढे सरकत नाही. सुरुवात पैशापासून करा, कारण 'कोणासाठी' याचा सगळ्यात पक्का पुरावा तिथेच आहे.

जी.आय.पी. रेल्वेसारख्या खासगी ब्रिटिश कंपन्यांना सरकारने जमीन फुकट दिली आणि भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली. उत्तरात हे छोट्या हिशेबाने दाखवा. समजा, कंपनीने १ कोटी रुपये घातले. हमीप्रमाणे भागधारकांना वर्षाला ५ लाख मिळायलाच हवेत. रेल्वेला ३ लाखच सुटले, तर उरलेले २ लाख सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या करदात्याच्या खिशातून जाणार. भागधारकाला तोटा नाहीच, मग खर्चाला आवर कोण घालणार? भारताचे माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये संसदीय समितीसमोर हेच कबूल केले : ५ टक्के मिळत असतील, तर आपला पैसा हुगळीत फेकला की विटा-चुन्यात घातला, याचे भांडवलदाराला सोयरसुतक नव्हते. नवरोजींच्या संपत्ती-निःसारणाचा मुद्दा इथेच जोडा. वेगळा परिच्छेद करू नका.

दुसरा पुरावा मालभाड्याचा. देशातल्या देशात माल हलवण्यापेक्षा बंदराकडे जाणाऱ्या मालाला दर सवलतीचे असत. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लँकेशायरला जाई आणि तिथले कापड त्याच रुळांवरून परत येई. रूळ आणि इंजिनेही बहुतांशी ब्रिटनहूनच येत. त्यामुळे रेल्वेबांधणीच्या मागणीवर इथे पोलाद किंवा यंत्रांचा उद्योग फारसा उभा राहिला नाही. माझ्या मते अख्ख्या उत्तरातले हे सर्वांत वजनदार वाक्य आहे, ते गाळू नका.

तारेला दोनच वाक्ये पुरतात. ११ मे १८५७ रोजी दिल्लीहून अंबाल्याला तार गेली आणि बंडाची खबर पंजाबातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना वेळेत मिळाली. १८७० मध्ये समुद्री तारेने मुंबई थेट ब्रिटनशी जोडली गेली, तेव्हा राज्यकारभाराची आणि व्यापाराची सूत्रे लंडनहून हलवणे सोपे झाले.

टपालाच्या बाबतीत मात्र सरसकट 'शोषण' लिहिलेत तर गुण जातील. १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा लागे. हेतू राज्यकर्त्यांच्या सोयीचा असला, तरी घरापासून दूर असलेल्या माणसाला खुशालीचे पत्र परवडू लागले आणि वृत्तपत्रे गावोगाव पोहोचली. काँग्रेसचे प्रतिनिधी दूरदूरच्या प्रांतांतून अधिवेशनाला आले तेही याच रेल्वेने. 'हेतू' आणि 'परिणाम' हे दोन शब्द उत्तरात वेगळे वापरा. गोंधळ होतो तो ते एकत्र झाल्यामुळेच.

शब्दांची वाटणी साधारण अशी ठेवा : रेल्वे ९०, तार २०, टपाल आणि अनपेक्षित परिणाम ४०.