प्लंबिंग ड्रॉइंग बघून पाइपची उंची कशी काढायची?

प्रश्न: पर्वरीला साइटवर लागलोय, प्लंबिंगचं ड्रॉइंग हातात दिलंय. चिन्हं, आयसोमेट्रिक आणि रायझर शेड्युल, रफ-इनच्या आधी, म्हणजे पाइप बसवायच्या आधी, यात नेमकं काय बघायचं?

आधी लेजंड, म्हणजे ड्रॉइंगवरची चिन्हांची यादी बघ, कारण चिन्हं प्रत्येक कन्सल्टंटची थोडी वेगळी असतात. माझ्या बघण्यात पाइपच्या टोकाला गोल आणि आत टिंब म्हणजे पाइप वर येतोय, आणि गोलात पाइपची रेघ शिरलेली किंवा अर्धा गोल म्हणजे खाली जातोय. हे उलटं वाचलं तर झिरी वरच्या बाजूला मारायची ती खाली मारली जाते, म्हणून लेजंडशी ताडून मगच पेन्सिलीने वर-खाली लिहून ठेव.

मग एक स्टॅक, म्हणजे सांडपाण्याचा उभा पाइप पकड, समजा एसएस-2 नंबरचा. रायझर शेड्युलमध्ये तो कुठल्या मजल्यापासून कुठपर्यंत आणि किती एमएम आहे ते बघ, आणि हाच नंबर प्रत्येक मजल्याच्या प्लॅनवर त्याच जागी आहे का ते बघ. दोन मजल्यांत जागा सरकली असेल तर मध्ये ऑफसेट आहे, तिथे बीम येत नाही ना ते स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर तपास.

आयसोमेट्रिकवर पट्टी लावू नको. उभा पाइप उभाच दिसतो, आडवे 30 अंशात तिरके दिसतात, पण लांबी स्केलमध्ये नसते आणि उतार तर दिसतच नाही. लांबी प्लॅनवरून घे, उतार स्वतः काढ.

या उताराच्या हिशोबातच मी एकदा चुकलो, म्हापशाच्या बाजूला एका बिल्डिंगमध्ये. बाथरूमचा नहाणी ट्रॅप स्टॅकपासून 3.2 मीटरवर होता, ड्रॉइंगवर उतार 1:40 म्हणजे मीटरला 25 एमएम, सगळा मिळून 80 एमएम. ट्रॅपच्या आउटलेटचा तळ फिनिश फ्लोअरखाली 140, म्हणजे स्टॅकपाशी पाइप 220 खाली हवा. ड्रॉइंगवर बुडीत स्लॅब, म्हणजे पाइपसाठी खाली घेतलेला बाथरूमचा स्लॅब, 300 खाली, त्यात वॉटरप्रूफिंगचे 50 गेले तरी 250 उरतात, म्हणजे बसतं. पण साइटवर स्लॅब 225 च बुडवलेला होता, उरले 175, आणि मी हे मोजलंच नव्हतं, पाइप सपाट बसवला, टेस्टिंगला ओतलेलं पाणी ट्रॅपपाशीच उभं राहिलं. शेवटी कन्सल्टंटला विचारून ट्रॅप स्टॅकच्या 1.4 मीटरवर आणला, कारण 175 मधून 140 गेले की उतारासाठी 35 च उरतात, आणि 35 भागिले 25 म्हणजे 1.4 मीटर.

म्हणून रफ-इनच्या आधी प्रत्येक बाथरूममध्ये लेव्हल ट्यूब लावून फिनिश फ्लोअर लेव्हलची खूण भिंतीवर मार, बुडीत स्लॅबची खोली स्वतः टेपने मोज, आणि आकडा प्लॅनच्या झेरॉक्सवर त्या ट्रॅपच्या शेजारी लिही. आकडा कमी पडतोय असं दिसलं तर पाइप कापू नको, आधी कन्सल्टंटला फोन कर.