आई-बाबांचं लाइट बिल दुसऱ्या गावातून भरताना ऑटोपे लावावं का?

प्रश्न: आई-बाबा सोलापुरात, जुळे सोलापूरला असतात. मी पुण्यात. लाइट बिल ऑनलाइन करून ऑटोपे लावायचा विचार आहे, पण एखाद्या महिन्यात रीडिंग चुकीचं आलं तर पैसे आपोआप कापले जातील ना? ते आधी कसं कळणार?

उत्तर:

लावा, पण लगेच नको. आधी नोंदणी करा, गेल्या बारा महिन्यांचा वापर बघा आणि मग ऑटोपे लावा. सगळे उलट्या क्रमाने करतात, म्हणून फसतात.

नोंदणीला दहा मिनिटं लागतात. महावितरणच्या mahadiscom.in या साइटवर किंवा त्यांच्या ॲपवर बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट टाकायचं. दोन्ही कागदी बिलावर वरच्या भागात असतात. लॉगिन तुमच्या नावाने केलं तरी चालतं, कनेक्शन बाबांच्याच नावावर राहतं. एकाच लॉगिनला दोन-तीन कनेक्शन जोडता येतात, त्यामुळे शेताचं किंवा दुकानाचं असेल तर तेही घ्या. मोबाइल नंबर मात्र विचार करून द्या. बिलाचे मेसेज त्याच नंबरवर येतात, आणि बाबा मेसेज उघडत नसतील तर नोंदणीचा अर्धा फायदा तिथेच गेला. नुसता नंबर नोंदवायचा असेल तर त्या मोबाइलवरून 9930399303 ला हा मेसेज पाठवा:

```
MREG <बारा अंकी ग्राहक क्रमांक>
```

आता वापर बघा. रुपये बाजूला ठेवा, युनिट बघा, कारण दर आणि इंधन आकार बदलतात. तुलना मागच्या महिन्याशी नको, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आपल्या सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत पंखासुद्धा बंद असतो आणि एप्रिलमध्ये कूलर रात्रभर चालतो. मार्चमध्ये 110 आणि मे महिन्यात 240 युनिट आले तर त्यात चूक काहीच नाही. युनिटना दिवसांनी भागायलाही विसरू नका. मागचं आणि चालू रीडिंग यांच्या तारखा बिलावर असतात. रीडिंग 30 ऐवजी 36 दिवसांनी घेतलं तर 120 चे 144 होतात, पण रोजचा वापर दोन्हीकडे चार युनिटच निघतो.

मी स्वतः यात एकदा येडा झालो होतो. फेब्रुवारीत 256 युनिटचं बिल आलं. आमचं नेहमीचं 110 च्या आसपास. तावातावाने तक्रार करायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "आधी जानेवारीचं बिल काढून बघा की." काढलं. जानेवारीत आम्ही गावाला होतो, मीटर कुलूपबंद व्हरांड्यात, म्हणून मीटरच्या स्थितीसमोर LOCK लिहिलेलं. मागचं आणि चालू दोन्ही रीडिंग 6214, आणि युनिट 108, म्हणजे सरासरीने लावलेले. फेब्रुवारीत प्रत्यक्ष रीडिंग 6470 मिळालं आणि दोन महिन्यांचे 256 युनिट एकदम दिसले. सरासरी बिलाचे पैसे त्यातून वजा केले होते, मीच ती ओळ वाचली नव्हती. तेव्हा मोठा आकडा दिसला की आधी मागच्या महिन्याची स्थिती बघा आणि ही वजावट झाली आहे का ते तपासा. वजावट नसेल तर मात्र तक्रार रास्त आहे.

खरंच चुकलेलं रीडिंग ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मीटर कधी मागे जात नाही. समजा मागचं रीडिंग 5238 होतं, खरं चालू रीडिंग 5362, पण लिहिताना अंक उलटून 5632 झाले. 124 ऐवजी 394 युनिट लागले. बिल आल्यावर चार-पाच दिवसांनी बाबांना मीटरचा फोटो पाठवायला सांगा. मीटरवर 5380 असेल तर बिल मीटरच्या पुढे पळालंय, याहून मोठा पुरावा लागत नाही. मीटरवर 5650 असेल तर रीडिंग बरोबर आहे, वीज खरंच वापरली गेली आहे किंवा मीटर जोरात पळतोय. मग मीटर तपासणीचा अर्ज करावा लागतो, तो वेगळा विषय.

फोटो घेताना बाबांना दोन गोष्टी सांगा. मीटरवरचे आकडे आळीपाळीने बदलतात, त्यात व्होल्टेज, तारीख असं सगळं येतं. ज्या आकड्याशेजारी kWh दिसतं तोच घ्यायचा, आणि दशांश चिन्हानंतरचा अंक सोडून द्यायचा. 5362.4 चं 53624 करणं ही माणसाची अगदी नेहमीची चूक. दुसरं, मीटरचा नंबर फोटोत यायलाच हवा, आणि तो बिलावरच्या नंबराशी जुळायला हवा. अपार्टमेंटमध्ये खालच्या पॅनेलवर दोन फ्लॅटची जोडणी अदलाबदल झालेली निघते. शंका असेल तर घरातला मेन स्विच बंद करा. तुमच्या मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला तर तो वापर दुसऱ्याचा आहे.

चुकीचं रीडिंग पुढच्या महिन्यात आपोआप सुधारतं असं म्हणून सोडून देऊ नका. युनिट जुळतील, पैसे जुळतीलच असं नाही. घरगुती दर 100, 300, 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतात. एका महिन्यात फुगलेले युनिट महाग टप्प्यात जातात, आणि पुढच्या महिन्यात जे कमी होतात ते स्वस्त टप्प्यातले असतात.

आता ऑटोपे. यूपीआय ॲपमध्ये बिल जोडून ऑटोपे चालू करताना कमाल रक्कम विचारतात. तिथे ॲपने सुचवलेला मोठा आकडा तसाच ठेवू नका. बारा महिन्यांतलं सर्वांत मोठं बिल घ्या, साधारण पाव हिस्सा वाढवा. मे महिन्याचं बिल 2150 असेल तर मर्यादा 2700. अंक उलटलेलं बिल त्यावर गेलं की पैसे कापले जात नाहीत आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, तेवढ्यात ऑटोपे थांबवताही येतो. ॲप तारीख निवडू देत असेल तर देय तारखेच्या दोन-तीन दिवस आधीची घ्या. बिल निघाल्या दिवशीच कापून घेतलं तर फोटो मागवायला वेळच उरत नाही. थोडी चूक, म्हणजे 30-40 युनिटची, या मर्यादेतून निसटेल. तिच्यासाठी महिन्यातून एक फोटो हाच उपाय. आणि मर्यादेवर गेलेलं बिल तसंच पडून राहिलं तर देय तारखेनंतर 1.25 टक्के विलंब आकार लागतो, तेव्हा 'ऑटोपे फेल' हा मेसेज दुर्लक्षू नका.

चूक सापडली तर ॲपवर फोटोसह किंवा 1912 वर फोन करून तक्रार करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, आणि उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. देय तारीख जवळ आली असेल तर गप्प बसून राहू नका. विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे वाद चालू असताना बिलाची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरता येते आणि तेवढ्या कारणाने वीज तोडता येत नाही. सरासरी भरायची असेल तर ती ऑटोपेमधून नाही, कार्यालयात जाऊन, अर्जाची पोच दाखवून. पैसे आधीच कापले गेले असतील तर ते सहसा खात्यात परत येत नाहीत, पुढच्या बिलांत वळते होतात. बिल दुरुस्त झाल्यावर ती वजा रक्कम बिलावर दिसते का, एवढं बघा.

स्मार्ट टीओडी मीटर बसलं असेल तर रीडिंग आपोआप जातं आणि अंक उलटण्याचा प्रश्न राहत नाही. मीटर नंबर जुळवून बघायचा मात्र तिथेही आहेच.