पहिल्या वर्षी हॉस्टेल की रूम?

प्रश्न: लातूरहून पुण्याला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला येतोय. हॉस्टेल घेऊ की कॉलेजजवळ चौघांत फ्लॅट? फ्लॅट स्वस्त पडतोय.

कॉलेजच्या हॉस्टेलला नंबर लागत असेल तर पहिलं वर्ष तिथेच काढ. नाही लागला तर कॉट बेसिसवर राहा. अख्खा फ्लॅट मात्र दुसऱ्या वर्षी घे. मी स्वतः बाहेरगावहून येऊन या तिन्ही ठिकाणी राहिलोय, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

फ्लॅट स्वस्त वाटतो तो चौघं वर्षभर टिकतील असं धरून. समज, भाडं वीस हजार आणि डिपॉझिट साठ हजार. म्हणजे प्रत्येकी पाच हजार भाडं आणि पंधरा हजार डिपॉझिट. पण पहिल्या वर्षाची मुलं स्थिर नसतात. पुढच्या कॅप राउंडला कुणाला दुसरं कॉलेज मिळतं, कुणाचा हॉस्टेलला उशिरा नंबर लागतो, कुणी पुन्हा नीटची तयारी करायला घरी जातो. एक जण गेला की मालक भाडं कमी करत नाही. उरलेल्या तिघांवर महिना साडेसहा हजारांच्या वर बोजा येतो, शिवाय जाणारा आपले पंधरा हजार तुमच्याकडेच मागतो, कारण डिपॉझिट मालकाकडे अडकलेलं असतं. भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचा असतो, म्हणजे सुट्टीत घरी असलास तरी भाडं चालूच.

कॉट बेसिसला तू फक्त तुझ्या कॉटचे पैसे मालकाला देतोस. शेजारची कॉट रिकामी झाली तर ती भरायची काळजी मालकाची. महिन्याला थोडे जास्त जातात, पण पहिल्या वर्षी ते परवडतात. फक्त एक गोष्ट लेखी घे: मध्येच सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं आणि डिपॉझिटमधून काय कापणार. रंगकामाच्या नावाखाली बरेच पैसे कापले जातात. म्हणून किल्ली हातात येताच भिंती, नळ, गादी, पंखा यांचा व्हिडिओ काढ आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठव. निघताना वाद झाला तर तोच उपयोगी पडतो.

जागा बघायला जमलं तर सकाळी सातच्या सुमारास जा. सगळे आंघोळीला उठलेले असतात, तेव्हा नळाला पाणी आहे का आणि बाथरूमबाहेर किती जण थांबलेत ते दिसतं. दुपारी एजंट दाखवतो तेव्हा सगळंच छान असतं.

तू अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध असशील तर सरकारी वसतिगृहाचा अर्ज नक्की भर, नंबर लागेल असं वाटत नसलं तरी. तिथे प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. अर्जासोबत बाहेर राहत असल्याचे कागद लागतात, म्हणून करार तोंडी ठेवू नकोस. मालक नोंदणी टाळत असेल तर सरळ दुसरी जागा बघ. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी करायची जबाबदारी कायद्याने मालकावरच आहे.